पावतीवरचे चार आकडे

गेल्या महिन्यात आमच्या वन्सं दुपारच्या वेळी अचानक आल्या. लेकीच्या लग्नाची खरेदी आटोपत आली होती. पर्समधून त्यांनी आधी मखमली डबी काढली आणि मग चार घड्या घातलेला एक कागद.

"हे बघ गं, मंगळसूत्र कसं आहे ते सांग," त्या म्हणाल्या. "आणि जमलं तर ही पावतीही बघ. मला काही त्यातलं कळत नाही. एवढंच कळतं, की घरून निघताना दोन लाख अकरा हजारांचा अंदाज केला होता आणि दिले दोन लाख सतरा."

मंगळसूत्र सुरेखच होतं. दोन पदरी, बारीक काळे मणी, मधे मधे सोन्याचे मणी आणि खाली दोन वाट्या. मी ते डोळे भरून पाहिलं, डबीत ठेवलं आणि पावती घेऊन बसले.

सोन्याची पावती पाहिली की आपल्यापैकी बहुतेकींची नजर थेट तळाशी जाते. शेवटचा आकडा आपल्याकडच्या पैशांत बसला की आपण निश्चिंत. पण तो आकडा वरच्या चार आकड्यांवर उभा असतो: वजन, शुद्धता, घडणावळ आणि कर. पुढचा प्रत्येक आकडा मागच्यातून निघतो. म्हणून वर एक चूक झाली की ती खालपर्यंत वाढत जाते. पावती तपासायची, तर ती पहिल्या ओळीपासून स्वतः पुन्हा मांडायची. त्याला कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटं पुरतात.

वन्संच्या पावतीचंच उदाहरण घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून वजन आणि भाव मी इथे गोल करून घेतले आहेत. चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. बाजारभाव रोज बदलतो, पण रीत तीच राहते.

पावतीवर वजनाचे दोन आकडे होते. एकूण वजन २४.५०० ग्रॅम आणि निव्वळ वजन २०.००० ग्रॅम. मधल्या साडेचार ग्रॅमचं काय? ते काळ्या मण्यांचं आणि ते ज्यात ओवले त्या दोऱ्याचं वजन. काळे मणी सोन्याचे नसतात, तेव्हा त्यांचं वजन सोन्याच्या भावाने मोजायचं नाही. हीच गोष्ट खड्यांच्या अंगठीची, मोत्यांच्या कुड्यांची आणि आत लाख भरलेल्या पोकळ दागिन्यांची. जे सोनं नाही, ते वजनातून वजा झालंच पाहिजे. खड्यांची किंमत लावायची असेल, तर ती वेगळ्या ओळीत यावी.

"पण मणी साडेचार ग्रॅमचेच होते हे कशावरून?" वन्संनी विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. ओवून झालेल्या मंगळसूत्रातले मणी वेगळे करून तोलता येत नाहीत. म्हणून मंगळसूत्र करायला टाकलं असेल, तर ओवण्याआधी वाट्या, सोन्याचे मणी आणि फासा आपल्यासमोर तोलून घ्यावा आणि ते वजन लिहून घ्यावं. ओवल्यावर पुन्हा तोलावं. दोन्हींतला फरक म्हणजे मणी आणि दोरा. तयार मंगळसूत्र घेत असाल, तर त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर एकूण, मण्यांचं आणि निव्वळ अशी तिन्ही वजनं आहेत का ते पाहावं. नसतील तर तसल्याच मण्यांचा तेवढ्याच लांबीचा सर तोलून दाखवायला सांगावं. सराफाला त्यात अवघड काही नसतं. वन्संनी मंगळसूत्र करायला टाकलं होतं आणि सोन्याचे भाग त्यांच्यासमोर तोलले होते. काट्यावर वीस ग्रॅम दिसल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. म्हणजे पहिला आकडा ठीक होता.

तोलताना एक सवय ठेवावी. दागिना ठेवण्यापूर्वी काट्यावर सगळी शून्यं दिसली पाहिजेत, आणि आकडा ग्रॅमच्या पुढे तीन घरांपर्यंत, म्हणजे मिलिग्रॅमपर्यंत दिसला पाहिजे. असले काटे इतके नाजूक असतात, की पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो. तेव्हा तो स्थिर होईपर्यंत थांबावं. वैधमापनशास्त्र विभागाकडून अशा काट्याची दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र दुकानात पाहायला मागायला संकोच नको.

आता शुद्धता. पावतीवर बावीस कॅरेट, ९१६ असं लिहिलं होतं. चोवीस कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं. बावीस कॅरेटच्या हजार भागांत ९१६ भाग सोनं असतं, उरलेलं तांबं, चांदी वगैरे. शुद्ध सोनं मऊ असतं, दागिना टिकावा म्हणून ही भर घालावीच लागते. पण आपण पैसे सोन्याचे देतो, म्हणून भावही त्याच प्रमाणात कमी लागला पाहिजे. दहा हजारांना ०.९१६ ने गुणलं, की ९,१६० रुपये येतात. पावतीवर भाव ९,१६० च होता. इथे दहा हजार लिहिले असते, तर बावीस कॅरेटचा माल चोवीसच्या भावाने विकल्यासारखं झालं असतं. खड्यांचे दागिने बरेचदा अठरा कॅरेटचे असतात. त्यांवर ७५० हा आकडा असतो, आणि आपल्या उदाहरणात त्याचा भाव ७,५०० रुपये होईल. दुकानातल्या फळ्यावर बावीसचा भाव पाहायचा आणि अठराचा दागिना त्याच भावाने घ्यायचा, असं होऊ देऊ नये.

कागदावर ९१६ आहे, पण दागिन्यावर काय आहे? मी घरातलं भिंग काढलं. वाटीच्या मागच्या बाजूला तीन खुणा बारीक कोरलेल्या होत्या. भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरं-आकड्यांचा एक क्रमांक. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात. तो २०२१ साली आला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना विकायचा तर त्यावर हा सहा अंकी क्रमांक असावाच लागतो. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा. मोबाइलवर ब्यूरोचं BIS Care हे अ‍ॅप घेऊन त्यात हा क्रमांक घातला, की तो कोणत्या सराफासाठी, कोणत्या केंद्रात, कोणत्या प्रकारच्या दागिन्यावर आणि किती शुद्धतेचा म्हणून दिला गेला, ते दिसतं. आम्ही घातला. मंगळसूत्र, बावीस कॅरेट. जुळलं. क्रमांक मंगळसूत्रावरचा आणि मोबाइलवर दिसते अंगठी, असं झालं असतं, तर मात्र तो दागिना तसाच परत न्यायचा.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवाव्यात. हॉलमार्क शुद्धतेची हमी देतो, तुमच्या पावतीवरच्या वजनाची नाही. आणि दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना, तसंच कुंदन, पोलकी आणि जडावाच्या कामाला हॉलमार्क सक्तीचा नाही. तिथे पावतीवरचे शब्द हाच आधार, म्हणून ते अधिक काळजीने वाचावेत. हॉलमार्क असूनही शंका आली, तर कुणीही ग्राहक ब्यूरोमान्य केंद्रात फी भरून दागिना तपासून घेऊ शकतो. शुद्धता लिहिल्यापेक्षा कमी निघाली, तर जितकं सोनं कमी भरलं त्याच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाकडून मागता येतो. तसा नियमच आहे.

मी कागदावर पहिली ओळ लिहिली. वीस ग्रॅम गुणिले ९,१६० म्हणजे १,८३,२०० रुपये. पावतीवरही हाच आकडा. वन्संचा चेहरा जरा मोकळा झाला.

पुढची ओळ घडणावळीची, म्हणजे मजुरीची. 'घडणावळ १२ टक्के' असं छापलं होतं आणि समोर रक्कम २६,९३०.४० रुपये.

"बारा टक्केच ठरले होते ना?" मी विचारलं.

"हो. तो चौदा म्हणत होता, मी बारावर आणलं," वन्सं अभिमानाने म्हणाल्या.

मी १,८३,२०० चे बारा टक्के काढले. आले २१,९८४. पुन्हा काढले, तेच. पावतीवर जवळजवळ पाच हजार जास्त होते. टक्के बरोबर आणि रक्कम चूक, असं असेल तर टक्के भलत्याच आकड्यावर काढले असले पाहिजेत. तो आकडा कोणता हे शोधायला उलटा हिशेब करायचा. २६,९३०.४० ला १२ ने भागून शंभराने गुणलं, २,२४,४२० आले. त्याला ९,१६० या भावाने भागलं, तर बरोबर २४.५ आले. म्हणजे सोन्याची किंमत निव्वळ वजनावर लावली होती, पण घडणावळ मात्र काळ्या मण्यांसकट एकूण वजनावर! सोनं म्हणून न विकलेल्या साडेचार ग्रॅमवर सोन्याच्या भावाने मजुरी घेतली होती. १,८३,२०० शी ताडून पाहिलं, तर ती १४.७ टक्के पडत होती. चौदाचे बारा करून घेतलेल्या वन्संना प्रत्यक्षात चौदाहूनही जास्त भरावे लागले होते.

घडणावळीच्या बाबतीत गोंधळ होतो तो इथेच. नुसते टक्के ठरवून भागत नाही, ते कशाचे हेही ठरवावं लागतं. निव्वळ वजनाचे की एकूण वजनाचे? बावीस कॅरेटच्या भावावर की चोवीसच्या? कायद्याने घडणावळीचा दर बांधलेला नाही, तो सराफ आणि गिऱ्हाईक यांनी आपसांत ठरवायचा. म्हणूनच तो बोलताना पुरा बोलून घ्यावा. काही दुकानांत घडणावळ ग्रॅममागे रुपयांत सांगतात. ग्रॅमला ९०० ऐकायला फारसे वाटत नाहीत, पण ९,१६० च्या भावात ते पावणेदहा टक्क्यांच्या वर जातात. काही ठिकाणी मजुरी कमी सांगून वेगळी 'घट' लावतात. घट म्हणजे घडवताना वाया गेलेलं सोनं. मजुरी आठ टक्के आणि घट सहा टक्के असेल, तर तुमची घडणावळ चौदा टक्के आहे, आठ नव्हे.

या सगळ्या शब्दांवर एकच उतारा आहे. करापूर्वीची रक्कम घ्यावी. तिच्यातून निव्वळ वजन गुणिले भाव वजा करावं, खड्यांची वेगळी किंमत असेल तर तीही वजा करावी. जे उरेल ती खरी घडणावळ, मग पावतीवर तिचं नाव काहीही असो. ती सोन्याच्या किमतीच्या किती टक्के पडते ते काढलं, की दोन दुकानांची तुलना करता येते.

उरला कर. सोन्याच्या दागिन्यांवर २०१७ सालापासून तीन टक्के जीएसटी आहे. पावतीवर तो दीड टक्का केंद्राचा आणि दीड टक्का राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. तो दोनदा घेतला असं समजून घाबरू नये, दोन्ही मिळून तीनच होतात. वन्संच्या पावतीत मात्र सोन्यावर तीन टक्के आणि घडणावळीवर पाच टक्के असा वेगवेगळा कर लावला होता. सोन्यावरचे ५,४९६ रुपये आणि घडणावळीवरचे १,३४६.५२.

पाच टक्के हा दर सराफाने हवेतून काढलेला नाही. आपण आपलं सोनं द्यावं आणि त्याने फक्त घडवून द्यावं, तर ती नुसती कामाची मजुरी. तिच्यावर पाच टक्के लागतात. पण सराफ स्वतःच्या सोन्याचा दागिना विकतो, तेव्हा आपण सोनं आणि मजुरी अशा दोन वस्तू विकत घेत नाही, एक दागिना घेतो. तेव्हा सोनं आणि घडणावळ यांची बेरीज करायची आणि त्या एकूण रकमेवर तीन टक्के काढायचे. घडणावळीत सूट दिली असेल, तर ती आधी वजा करून मग कर काढायचा.

"मी माझ्या जुन्या पाटल्या मोडणार होते, मग नाही मोडल्या," वन्सं म्हणाल्या. "मोडल्या असत्या तर कर कमी लागला असता का गं?"

नसता लागला. जुनं सोनं हे पैसे देण्याचं साधन आहे, दागिन्याची किंमत त्याने कमी होत नाही. कर नव्या दागिन्याच्या पुऱ्या रकमेवर लागतो, आणि जुन्या सोन्याची रक्कम करासकटच्या बेरजेतून वजा होते.

शेवटी हॉलमार्किंगचा आकार. २०२२ साली ठरलेल्या दराप्रमाणे तो दागिन्यामागे ४५ रुपये आहे, आणि त्यावरचा अठरा टक्के कर धरून ५३.१० रुपये. मंगळसूत्र मोठं असो की छोटं, हा आकार वजनावर नसतो, नगावर असतो. पावतीवर तो वेगळा दाखवावा लागतो. वन्संकडून तेवढाच घेतला होता.

आता माझा कागद पुरा झाला. सोनं १,८३,२०० आणि घडणावळ २१,९८४ मिळून २,०५,१८४. त्यावर तीन टक्के ६,१५५.५२. हॉलमार्किंगचे ५३.१०. एकूण २,११,३९२.६२ रुपये. पावतीवर होते २,१७,०२६.०२. फरक ५,६३३ रुपये ४० पैसे. घडणावळ चुकली, म्हणून तिच्यावरचा करही वाढला, आणि कराचा दर चुकल्याने तो आणखी थोडा वाढला. वन्संनी घरी केलेला दोन लाख अकरा हजारांचा अंदाज अगदी बरोबर होता! त्यांनी फक्त दुकानात त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

"आता जाऊन भांडायचं का?" त्यांचा आवाज बारीक झाला. "ओळखीचा सराफ आहे गं. सासूबाईंपासूनचा."

भांडायचं कशाला? आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, दुकानात गर्दी नसते तेव्हा. मंगळसूत्र, पावती आणि माझा पेन्सिलीचा कागद बरोबर घेतला. काउंटरवरच्या मुलाने आधी, "संगणकच काढतो मावशी, तो कसा चुकेल?" असं म्हणून पाहिलं. मी एवढंच विचारलं, "बारा टक्के कितीचे काढलेत, ते दाखवा बघू." त्याने कॅल्क्युलेटर घेतला, दोनदा बटणं दाबली आणि मालकांना हाक मारली. मालक वयस्कर होते. त्यांनी कागद पाहिला, मुलाकडे पाहिलं आणि संगणकात घडणावळीचं कोष्टक उघडायला सांगितलं. तिथे निव्वळ वजनाऐवजी एकूण वजन निवडलेलं होतं. साध्या बांगड्या-साखळ्यांत दोन्ही वजनं सारखीच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मणी-खड्यांच्या दागिन्यांत मात्र प्रत्येक वेळी फरक पडत असणार. करावरून थोडी चर्चा झाली. त्यांनी त्यांच्या करसल्लागाराला फोन लावला आणि तोही मुद्दा मान्य केला. जुन्या पावतीविरुद्ध क्रेडिट नोट निघाली, नवी पावती झाली आणि फरकाची रक्कम परत मिळाली.

त्यांनी मान्य केलं नसतं तर? तर लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची, आणि तिथेही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. पण त्यासाठी हातात पक्की पावती हवी. "करासकट नको, कच्च्या कागदावर देतो, तीन टक्के वाचतील," असं म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या दागिन्याची चूक कुणापुढेच सिद्ध करता येत नाही.

नव्या पावतीवर मी आणखी एक गोष्ट लिहून घेतली. दागिन्याचा सहा अंकी क्रमांक. दागिन्याचं नाव, निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा आकार पावतीवर असायलाच हवा. हा क्रमांकही असला, तर हीच पावती याच दागिन्याची, हे उद्या कुणालाही दाखवता येतं. तो उद्या कधीतरी येतोच. मंगळसूत्र मोडायची वेळ कुणावर येऊ नये, पण दागिना वाढवायचा, बदलायचा किंवा तारण ठेवायचा प्रसंग येतो. त्या दिवशी घडणावळ आणि कर यांतलं काही परत मिळत नाही. मोजलं जातं ते निव्वळ वजन आणि शुद्धता. एकूण वजनालाच सोन्याचं वजन समजून घरात वर्षानुवर्षं "साडेचोवीस ग्रॅमचं मंगळसूत्र" म्हणत राहिलं, तर त्या दिवशी साडेचार ग्रॅमचा धक्का बसतो.

घरी येताना वन्संनी वाटेत चांदीच्या दुकानापाशी पावलं थांबवली. परत मिळालेल्या पैशांतून लेकीसाठी जोडवी घेतली. पावती हातात आल्यावर त्यांनी ती घडी न घालता काउंटरवर पसरली, चष्मा लावला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "दादा, जरा कॅल्क्युलेटर द्या बघू."